परदेशातून: पॉझिटिव्ह अहवालानंतरचं वर्ष

"मला काही त्रास नाही. नवऱ्याशिवाय आयुष्यात कोणी नाही. मग पिशवीच्या तोंडाची तपासणी माझ्यासाठी कशाला?" डिचोलीहून एका वहिनींनी विचारलं.

वहिनी, पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचा त्रास सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याआधीच्या बदलांत ना दुखतं, ना रक्त जातं. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, तो एचपीव्ही एवढा सर्रास आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना तो कधीतरी होतोच. वर्षानुवर्षं दबून राहून तो पुन्हा दिसू शकतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे अहवालावरून कळत नाही. अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून घरात कुणाच्या चारित्र्यावर बोलायचं काही कारण नाही.

पिशवीच्या तोंडाशी बाहेरचं जाड अस्तर आणि आतलं पातळ अस्तर एकमेकांना भेटतात. तिथल्या बारीक ओरखड्यातून विषाणू सर्वांत खालच्या थरातल्या पेशीत शिरतो. एरवी पेशी वर सरकताना वाढणं थांबवतात आणि शेवटी झडून जातात. विषाणूची दोन प्रथिनं, ई-6 आणि ई-7, त्यांना थांबू देत नाहीत. बिघडलेल्या पेशीला अडवणारं पी-53 हे प्रथिन ई-6 नष्ट करतं, तर पेशी कधी दुभागावी यावरचं नियंत्रण ई-7 काढून घेतं. बहुतेक जणींचं शरीर दोनेक वर्षांत विषाणूला दाबून टाकतं. ज्यांच्यात तो टिकतो, विशेषतः 16 नंबरचा प्रकार, त्यांच्यात बिघडलेल्या पेशी हळूहळू अस्तराची सगळी जाडी व्यापतात. हा टप्पा सीआयएन-3. तो उपचाराविना राहिला तर काय होतं, हे ऑकलंडच्या एका रुग्णालयात बायकांना उपचार नाकारले गेल्यामुळे कळलं. नंतर त्याची चौकशी झाली. 30 वर्षांत त्यांतल्या सुमारे तीस टक्के बायकांना कर्करोग झाला होता. म्हणजे हाती वर्षं असतात, पण ती वापरली तरच.

इथे इंग्लंडमध्ये 25 ते 64 वयाच्या बाईला तपासणीचं बोलावणं येतं. समजा, 34 वर्षांच्या बाईचा नमुना एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. त्याच नमुन्यातल्या पेशी मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या नीट दिसल्या तर तिला वर्षाने परत बोलावतात. तेव्हाही तसंच आलं, तर आणखी एका वर्षाने. तिसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली, की पेशी ठीक असल्या तरी कोल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीच्या तोंडाची भिंगातून तपासणी, होते. पेशी आधीच बिघडलेल्या दिसल्या तर वाट पाहत नाहीत, लगेच पाठवतात. कोल्पोस्कोपीत ॲसेटिक ॲसिड लावलं की बिघडलेला भाग पांढरा दिसतो, तिथला तुकडा तपासतात. सीआयएन-3 निघालं तर तेवढा भाग बधिर करून विजेच्या तारेच्या कडीने काढतात. सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही पाहतात. खोल काप घेतला तर पुढच्या गरोदरपणात मूल आधी होण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून सीआयएन-1, म्हणजे सौम्य बदल, सहसा न कापता नजरेखाली ठेवतात.

गावच्या ग्रुपवर फार्मसीवाले एक भावोजी म्हणतात, "मुलींना लस दिली की विषय संपला." अर्धं बरोबर आहे. लस नवा संसर्ग टाळते, पण आधीच झालेला घालवत नाही आणि सगळे प्रकारही अडवत नाही. आज चाळिशीत असलेल्या बायकांना तपासणीच हवी. एका मावशींनी विचारलं, "माझी पिशवीच काढली, मला लस चालेल का?" मावशी, प्रश्न लसीचा नाही. पिशवीचं तोंड काढलं की ठेवलं, आणि कशासाठी काढलं, हे ऑपरेशनच्या कागदावर बघा. तोंड ठेवलं असेल तर तपासणी चालू ठेवा.

आपल्याकडे ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायची पद्धत आहे. ती स्वस्त आहे, उत्तर तिथल्या तिथे मिळतं आणि मुंबईत तिने मृत्यू कमी करून दाखवले. पण पाळी गेल्यावर दोन अस्तरांचा तो सांधा आत सरकतो आणि बघणाऱ्याला दिसतच नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. गोव्यातही तिशीनंतर हीच चाचणी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. नमुना बाईला स्वतःच घेता येतो, त्यामुळे संकोचही कमी होतो.

फोंड्याच्या एका निवृत्त परिचारिकेने मला अडवलं: "चाचणी करणं सोपं. पॉझिटिव्ह आलेली बाई परत येत नाही, तिचं काय?" तिचं खरं आहे. इंग्लंडमध्ये बोलावणं पाठवूनही दहांतल्या साधारण तिघी येत नाहीत. आपल्या आरोग्य केंद्रात पॉझिटिव्ह बायकांची वेगळी वही आणि वर्षाने फोन करायला नेमलेली नर्स, एवढं तरी चाचणीआधी ठरायला हवं. नवऱ्याच्या नंबरवर फोन करायचा की नाही, यावर मात्र आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.