बेळगावच्या आमच्या मंगल कार्यालयाबद्दल आलेल्या तक्रारीला उत्तर

तक्रार : "लिस्टिंग बघून कार्यालय घेतलं आणि फसलो. पाहुणे जेवणासाठी ताटकळले, गाड्या खानापूर रोडवर लावाव्या लागल्या, आमच्या आचाऱ्याचे सिलिंडरही आत सोडले नाहीत. एवढी माणसं मावत नाहीत तर मोठं कार्यालय म्हणून लिहू नका."

दादा, नमस्कार. आमच्या लिस्टिंगचं शीर्षक बुकिंगच्या दिवशी होतं तेच आजही आहे : "५०० खुर्च्या, एका पंगतीला २००, आवारात ४० कार". "१००० पाहुण्यांची सोय" असं लिहिलं असतं तर फोन जास्त आले असते, हे मलाही कळतं. पण तो आकडा जागेचा नसतो, दिवसभर येऊन जाणाऱ्यांचा असतो.

मुख्य हॉल ६० बाय ८० फूट आहे. स्टेज आणि वाटा सोडल्या की खुर्चीमागे साधारण सात चौरस फूट धरून ५०० खुर्च्या बसतात. जेवणाला मात्र टेबल, खुर्ची आणि वाढप्याची वाट धरून माणशी बारा चौरस फूट लागतात, आणि भोजनगृह ४० बाय ६० आहे. म्हणून २००. बसणं, वाढणं, उठणं, टेबल पुसणं यात एका पंगतीला पाऊण तास जातो. तुमची माणसं ९०० झाली, म्हणजे पाच पंगती, पावणेचार तास. अक्षता पावणेएकला पडल्या, तर शेवटची पंगत साडेचारला उठणारच. म्हणूनच मॅनेजरनं सुचवलं होतं, की गावाकडून लवकर आलेल्या मंडळींची एक पंगत अक्षतांआधी साडेअकराला बसवू. आपल्या भागात हे चालतं. तुम्हाला ते नको होतं. तो तुमच्या घरचा निर्णय, माझं काही म्हणणं नाही.

पार्किंगचं सांगतो. वळायची जागा धरून एका कारला अडीचशे चौरस फूट लागतात, त्यावरून ४० चा आकडा काढलाय. वर्णनात पुढेच लिहिलंय, "वऱ्हाडाची बस माणसं उतरवून बाहेर जाईल". त्या दिवशी तीन बस सकाळीच आत उभ्या राहिल्या. चालक जेवायला बसलेले, किल्ल्या त्यांच्या खिशात! एका बसनं चार-पाच कारची जागा खाल्ली, शिवाय वळायची वाट अडली ती वेगळीच.

बाहेरचा आचारी आम्ही चालवून घेतो, त्याचे वेगळे पैसेही घेत नाही. अट दोनच : जेवण शाकाहारी आणि गॅस व्यावसायिक, म्हणजे १९ किलोचे निळे सिलिंडर. तुमच्या आचाऱ्यानं घरगुती १४.२ किलोचे लाल आणले होते. ते धंद्याच्या स्वयंपाकाला वापरणं कायद्यानं चालत नाही, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी दारात उभी करणार नाही. आमचे दोन निळे लगेच दिले, फक्त भरणाखर्च लावला. बिलात ती ओळ वेगळी आहे.

मांड्यांसाठी मागच्या अंगणात चूल मांडायला मात्र आमची कधीच हरकत नसते. तुमच्याकडच्या बाईंनी त्या दिवशी तिथंच मांडे केले.