एक सीटिंग की चार? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: लेख वाचला. स्वतः दंतवैद्य नसताना लोकांना दातांच्या खर्चाचे अंदाज वाचायला शिकवताय, कमाल आहे. हिशेब सरळ आहे: एका सीटिंगमध्ये रूट कॅनाल उरकणारा दवाखाना चार सीटिंगवाल्यापेक्षा स्वस्तच पडणार. खर्चाच्या तक्त्यात कॅपसाठीचं दाताचं माप दोनदा मोजलंय. कॅपची वॉरंटी विसरलात. थोडा अभ्यास करून लिहावं.

उत्तर: माप दोनदा मोजलं गेलं होतं, खरंय. तक्ता दुरुस्त केलाय, आभार. एवढंच सांगून थांबला असतात तर आपलं छान जमलं असतं. पण ‘कमाल आहे’ आणि ‘अभ्यास करून लिहावं’ हे शिक्षकी थाटाचं बोलणं मला पचत नाही. दंतवैद्य नाही, हे मी लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय. बिल भरणाऱ्याला बिल वाचता यावं, यासाठी पदवी लागते का?

आता तुमचा सरळ हिशेब. त्या ‘एका सीटिंग’मध्ये नक्की काय होतं? दाढ उघडतात, मुळांमधल्या प्रत्येक कालव्याची लांबी मोजतात, फाइल्सनी आणि औषधी द्रावणानं कालवे साफ करतात, कोरडे करून त्यांत गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतात. आतली नस जिवंत, नुसती सुजलेली असेल तर हे एका बैठकीत नीट होऊ शकतं. पण मुळाशी पू असेल आणि कालवा पुसूनही ओला होत राहिला, तर भरणार कसा? मग आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध ठेवून आठवडा-दोन आठवडे थांबतात. ही दुसरी खेप दाताच्या अवस्थेमुळे येते. तिला डॉक्टरची कमाई समजणं अन्यायाचं आहे.

आणि कॅप? ती त्या एका सीटिंगमध्ये बसते असं वाटतंय का तुम्हाला? दवाखान्यातच कॅप कोरायचं यंत्र नसेल, तर दाढ घासून माप देण्याची एक खेप आणि लॅबहून आलेली कॅप बसवण्याची दुसरी, या दोन सगळीकडेच आहेत. तुमच्या ‘एक’मध्ये त्या धरलेल्या नाहीत, ‘चार’मध्ये धरल्यात. खरी तुलना तीन विरुद्ध चार अशी आहे.

माझ्याच खालच्या दाढेचं सांगते. एका दवाखान्यानं कागदावर दोनच शब्द लिहिले, ‘रूट कॅनाल, कॅप’, आणि खाली एक आकडा. त्याला शंभर धरा. दुसऱ्यानं एक्स-रे, कालवे, कोअरची बांधणी, झिरकोनियाची कॅप असं सगळं सुटं लिहिलं. ते एकशे तीस झालं. तुमच्या न्यायानं मी पहिल्याकडे पळायला हवं होतं. मी विचारलं, कोअर यात आहे का? नाही, तो वेगळा, वीस. कॅप कशाची? मेटल-सिरॅमिकची, झिरकोनिया हवी तर आणखी पंचवीस. शंभरचे एकशे पंचेचाळीस झाले, तेही विचारलं म्हणून कळलं.

कोअर म्हणजे पोखरलेल्या दाढेचा आतून बांधलेला गाभा. पण नुसत्या गाभ्यावर कॅप टिकत नाही. हिरडीच्या वर सभोवार दीड-दोन मिलिमीटर तरी दाताचा स्वतःचा धड भाग उरावा लागतो, कॅपची खरी पकड तिथे असते. तेवढा नसेल तर काय करणार, याचं उत्तर अंदाज देणाऱ्याकडे आधीच असायला हवं. झिरकोनिया आणि मेटल-सिरॅमिकमधला फरक यापुढे दुय्यम आहे. मागच्या दाढेला दोन्ही चालतात.

मी एवढी का चिडते, तेही ऐका. याआधीची एक दाढ मी गमावलीये. कॅप अंदाजात नव्हतीच, नंतर बघू म्हणाले, मीही निवांत राहिले. वरचं तात्पुरतं सिमेंट झिजलं, एके दिवशी चावताना कट्‌ असा आवाज आला आणि दाढेची भिंत हिरडीच्या खालपर्यंत चिरली. काढावीच लागली. रूट कॅनाल उत्तम झालं होतं, फुकट गेलं. त्यामुळे कॅप कुठे लिहिलीये हे मी आता सगळ्यात आधी बघते, आणि हा माझा ‘अभ्यास’ बराच महागात पडलाय.

वॉरंटीबद्दल एकच वाक्य: ती बहुतेकदा लॅबच्या कॅपवर असते, तिच्या आतल्या दातावर नाही. तुमच्याकडचा अंदाज जसाच्या तसा इथे लिहा, ओळीनं वाचू. पण सूर जरा खाली ठेवून.