शंका, कुतूहल आणि मंत्रचळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

“ज्याच्या मनात वर्षभर ‘मी समलिंगी तर नाही?’ हीच शंका घोळते, त्याच्यात काहीतरी असणारच. त्याला मंत्रचळ ठरवून तुम्ही समलिंगी मुलांना स्वतःपासून पळायला आयती वाट करून देत आहात.”

आपण दाखवलेला धोका खरा आहे; मंत्रचळ म्हणजे नकोसा विचार पुन्हा पुन्हा येणे आणि तो शमवण्यासाठी त्याच त्या कृती करत राहणे; आपला लैंगिक कल नाकारण्यासाठी या निदानाचा आडोसा घेतला जाऊ शकतो. परंतु शंका किती दिवस टिकली यावरून ती कशाची आहे हे कळत नाही, ती आल्यावर माणूस काय करतो यावरून कळते.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका तरुणाचे उदाहरण, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, सांगते. व्यायामशाळेत एका मुलाकडे त्याचे सहज लक्ष गेले आणि ‘मी समलिंगी तर नाही?’ हा विचार मनात आला. तेव्हापासून बसथांब्यावर पुरुष दिसला की तो त्याच्याकडे मुद्दाम पाही आणि आपल्या शरीरात काही हालचाल होते का, हे तपासे. शरीराच्या एखाद्या भागाकडे असे रोखून लक्ष दिले, की तिथे काही ना काही जाणवतेच. तो मात्र त्यालाच पुरावा समजे. मग शाळेतल्या मित्रांच्या आठवणी उकरणे, इंटरनेटवरच्या चाचण्या सोडवणे आणि बहिणीला पुन्हा पुन्हा विचारणे सुरू होई. तिच्या ‘नाही रे’ने दहा मिनिटे बरे वाटे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

स्वतःचा कल खरोखर शोधणाऱ्याच्या मनात ओढ असते, तिच्या कल्पनेत गोडवा असतो, आणि भीती बहुधा घरचे काय म्हणतील याची असते. नुसते कुतूहल तर येते आणि जाते. भीती मात्र दोन्हीकडे असू शकते, म्हणून केवळ भीतीवरून मी निदान करत नाही. कधी कधी एकाच माणसात मंत्रचळ आणि खरा शोध दोन्ही असतात, हेही मान्य करते. शिवाय हाच त्रास समलिंगी व्यक्तींनाही होतो: जोडीदारासोबत सुखाने राहणारी स्त्री ‘मला पुरुषच आवडत असतील तर?’ म्हणून स्वतःला तासन्‌तास तपासत बसते. तिथे ‘काहीतरी असणारच’ हे आपले सूत्र लावले, तर तिचे सारे सहजीवनच खोटे ठरवावे लागेल.

उपचारात कल बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तसे उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. आणि ‘तू समलिंगी नाहीस’ असे आश्वासनही मी देत नाही, कारण तेही बहिणीच्या ‘नाही रे’सारखेच दहा मिनिटे पुरते. त्या तरुणाने बसथांब्यावर उभे राहायचे, शंका आली तर येऊ द्यायची, पण शरीर तपासायचे नाही आणि घरी कोणाला विचारायचे नाही, एवढेच ठरवले होते. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढली, नंतर ती आपोआप ओसरू लागली. ‘असेनही, नसेनही’ असे तो आता म्हणतो आणि बस आली की चढतो.