रक्त, स्पर्श आणि वजू : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “सलाम. कुराण एक, पैगंबर एक, मग वजू तुटण्याचे नियम दोन कसे? आम्ही रत्नागिरीचे, बायको औरंगाबादची. रक्त आलं की ती वजू करायला उठते, मी नाही. माझा हात तिच्या हाताला लागला की मी उठतो, ती नाही. नवशिक्यांना तुम्ही दोन्ही मतं सांगून गोंधळात टाकताय. मौलवींनी मनाने ठरवलेलं नाही का हे सगळं?”

वअलैकुम सलाम. मनाने ठरवलेलं असतं तर इतकी वादावादी झालीच नसती. तुम्ही शाफई, बायको हनफी, म्हणजे दोन वेगळ्या इमामांचे नियम मानणारे. तुमच्या घरातली दोन उदाहरणं इतकी नेमकी आहेत की तीच घेऊन बोलतो.

आधी ज्यावर वाद नाही ते. वजू म्हणजे नमाजेआधीची शुद्धी. कुराणातल्या सूरह माइदाच्या 6व्या आयतीत तिच्या चार गोष्टी आहेत : चेहरा धुणं, कोपरांपर्यंत हात धुणं, डोक्यावर ओला हात फिरवणं म्हणजे मसह, आणि घोट्यांपर्यंत पाय धुणं. लघवी, शौच, वारा सरणं, बेशुद्धी, आडवं पडून लागलेली गाढ झोप यांनी वजू तुटतो, हे तुम्हा दोघांनाही मान्य आहे. नवशिक्याचं रोजचं काम बहुतेक एवढ्यावरच भागतं.

आता रक्त. फातिमा बिन्त अबी हुबैश यांना सतत रक्तस्राव होत असे. पैगंबरांनी त्यांना सांगितलं की हे पाळीचं नव्हे, शिरेचं रक्त आहे. आणि प्रत्येक नमाजेसाठी वजू कर, असंही रिवायतीत, म्हणजे पैगंबरांविषयीच्या परंपरेने आलेल्या कथनात, येतं. हनफी फकीह, म्हणजे धर्मनियमांचे जाणकार, विचारतात, वजूचं कारण काय दिलं? शिरेचं रक्त. मग शीर बोटातली असली तरी हुकूम तोच. शाफई म्हणतात, कारण रक्त नव्हे, ते ज्या वाटेने आलं ती वाट. त्यांच्या बाजूला दुसरी रिवायत आहे : जातुर्रिका मोहिमेत पहाऱ्यावरच्या एका अन्सारी सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या एका साथीदाराला, नमाजेतच बाण लागले, रक्त वाहत राहिलं, तरी त्यांनी नमाज लगेच सोडली नाही. त्यावर हनफींचा प्रतिप्रश्न असा की अंगाकपड्यांवर एवढं रक्त सांडलं तर ती नापाकी तुम्हीही मोजता. मग या प्रसंगावरून नियम कसा काढणार?

तुमच्या बायकोने मात्र प्रत्येक थेंबाला उठायची गरज नाही. विळीने बोट कापलं आणि रक्त जखमेच्या तोंडाशीच थांबलं, तर हनफी मतानेही वजू शाबूत. ते जखमेबाहेर वाहायला हवं. सारखं पुसत असाल तर अंदाज घ्यायचा : पुसलं नसतं तर वाहिलं असतं का? हो असेल तर वजू गेला. तुमचा शाफई वजू टिकतो, पण रक्त धुवायचं ते धुवायचंच. किरकोळ असेल तर माफ.

स्पर्शाचा वाद त्याच आयतीतला आहे. “तुम्ही स्त्रियांना स्पर्श केला असेल” अशा अर्थाचे शब्द तिथे येतात. इब्न अब्बास यांनी ते शरीरसंबंधाचं सभ्य भाषेतलं वर्णन मानलं. इब्न उमर यांनी साधा हाताचा स्पर्श. म्हणजे मतभेद सहाबांपासूनचा आहे, इमाम अबू हनीफा (निधन इ.स. 767) आणि इमाम शाफई (निधन इ.स. 820) त्यानंतरचे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा सांगतात की पैगंबर रात्री नमाज पढताना सजद्याला जागा व्हावी म्हणून माझ्या पायांना हात लावत आणि मी पाय आखडून घेई. हनफींना एवढा पुरावा पुरतो. शाफई म्हणतात, मध्ये कापड असू शकेल. मला स्वतःला हे उत्तर जरा ओढूनताणून वाटतं, पण आयतीचा सरळ अर्थ धरून बसण्यामागची शिस्त समजते. इमाम मालिक मधली वाट काढतात : स्पर्शात वासना असेल तर वजू तुटतो.

शाफई नियमालाही मर्यादा आहेत. आई, बहीण, मुलगी यांच्या स्पर्शाने वजू तुटत नाही. केस किंवा नखं लागली तरी नाही. बायकोच्या उघड्या हाताला हात लागला तर तुटतो.

खरी पंचाईत होते हजला. तवाफला, म्हणजे काबाला फेऱ्या घालायला, वजू लागतो आणि काबाभोवतीच्या गर्दीत परक्या स्त्रीचा हात लागणं टळत नाही. म्हणून कोकणातल्या हाजींना अनेकदा तेवढ्यापुरतं हनफी मत घ्यायला सांगतात. तुम्ही जाल तेव्हा एक लक्षात ठेवा : स्पर्शापुरती सवलत हनफींची आणि वजू मात्र आपल्या पद्धतीचा, असं चालत नाही. शाफईंना मसह चार केसांवर झाला तरी पुरतो, हनफींना किमान पाव डोकं लागतं. थोड्याच केसांवर मसह केला आणि मग स्पर्श झाला, तर हनफी म्हणणार वजू झालाच नव्हता, शाफई म्हणणार झाला होता पण तुटला. दोन्हीकडून हात रिकामे. याला तल्फीक म्हणतात. तेव्हा तिथे मसह पूर्ण डोक्यावर करा, आणि गर्दीत खरचटून रक्त वाहिलं तर बायकोसारखं तुम्हीही वजूला उठा.