लाल मातीचे डाग आणि काळा कुर्ता: तुमच्या तक्रारीला उत्तर

«मुलाच्या पांढऱ्या क्रिकेटच्या पँटवर लाल मातीचे डाग जसेच्या तसे आणि माझ्या काळ्या कुर्त्यावर पांढरे पट्टे. मग घरच्या मशीनमध्ये आणि तुमच्यात फरक काय?»

नमस्कार ताई,

चूक आमची आहे. त्या दिवशी आमच्या लाँड्रीत तुमची अख्खी पिशवी आम्ही एकाच प्रोग्रामवर लावली. कपडे मळाप्रमाणे वेगळे करायला हवे होते.

आपल्या रत्नागिरीची माती जांभ्याची, तिच्यात लोहाचा अंश भरपूर. बारीक चिकण कण सुताच्या धाग्यात रुतून बसतात आणि थेट मशीनच्या धुण्यात ते सुटत नाहीत. अशी पँट आधी पूर्ण वाळू द्यायची, सुकी माती ब्रशने झाडायची, साध्या पाण्याखाली उलट बाजूने धार सोडायची आणि मग कोमट साबणपाण्यात तासभर भिजत ठेवायची. पाणी लाल झालं की बदलायचं. आमच्या मशीनवर भिजवण्याचं बटण आहे, पण ते वीसच मिनिटांचं. या मातीला ते पुरत नाही, म्हणून आम्ही बादलीत भिजवतो. तुमच्या पँटच्या बाबतीत हेच राहिलं. ब्लीच मात्र घरीही घालू नका, लोहाचा डाग त्याने जात नाही, उलट पिवळट होऊन पक्का बसू शकतो.

कुर्त्याचं कारणही तिथूनच येतं. मळकी पँट सोबत म्हणून पावडर जास्त पडली, ड्रम गच्च भरला होता, आणि दोनदा खंगाळूनही घड्यांच्या आत पाणी पोचलं नाही. पट्ट्यावर ओलं बोट चोळून पाहा: बुळबुळीत लागलं तर ती पावडरच आहे. कुर्ता नुसत्या पाण्यात पुन्हा खंगाळला की पट्टे जातील. गडद कपड्यांना एक जादा खंगाळणं हवंच आणि ड्रम पाऊणच भरायचा.

स्पिनही सगळ्यांना मिनिटाला १२०० फेऱ्यांचाच लागला होता. टॉवेलला, चादरीला तो ठीक, लवकर वाळतात. पण कुर्ता त्या वेगाने ड्रमला दाबला जातो आणि चुण्या पक्क्या होतात. त्याला ६०० पुरे. दोरीवर थोडा जास्त वेळ लागेल एवढंच.

आता आमच्याकडे कपडे घेतानाच पिशवी उघडून मातीचे, गडद आणि रोजचे असे तीन ढीग करतो, प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी लावतो.

पँट आणि कुर्ता दोन्ही परत आणा, पैसे घेणार नाही. तोवर पँटवर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने डाग आणखी धरतो. आधीच फिरवली असेल तर तेही सांगा: माती निघेल, पण फिकट नारिंगी छटा राहू शकते. तिच्यावर गंज काढायचं औषध वापरायचं झालं, तर आधी आतल्या शिवणीवर लावून तुम्हाला दाखवू आणि तुम्ही हो म्हटल्यावरच पुढे जाऊ.