एचडीएमआयला लावलं तरी गेम इंटेलवरच का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया: "तुमची आधीची पोस्ट वाचून बाहेरचा मॉनिटर टाइप-सी वरून काढून एचडीएमआयला लावला, काहीही फरक नाही. टास्क मॅनेजरमध्ये गेम अजून GPU 0 वरच. कुठलं ग्राफिक्स वापरायचं ते विंडोजचं सेटिंग ठरवतं, पोर्टचा काय संबंध? पोर्ट म्हणजे नुसती वायर. अर्धवट माहिती देऊन लोकांना केबली बदलायला लावू नका."

राग समजतो, आणि चूक माझीच आहे, कारण गेम एनव्हिडियावर चालावा म्हणून मॉनिटर एचडीएमआयला लावा असं सांगताना मी त्या पोस्टमध्ये मधली एक पायरी खाल्ली. पण "नुसती वायर" हे मात्र पटत नाही, थोडं सविस्तर लिहितो.

ती वायर आतमध्ये कुठे जाते ते आधी बघू. दोन ग्राफिक्सवाल्या, म्हणजे प्रोसेसरमधलं इंटेल आणि गेमसाठी वेगळं एनव्हिडिया असलेल्या लॅपटॉपमध्ये स्वतःचा स्क्रीन बहुतेक वेळा इंटेललाच जोडलेला असतो, आणि बाहेरची पोर्टं कंपनी मदरबोर्ड बनवतानाच वाटून टाकते. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपात एचडीएमआय थेट एनव्हिडियाला आणि टाइप-सी इंटेलला असतं, काहींत उलट, आणि एमएक्स सिरीजची छोटी चिप असलेल्या स्वस्त लॅपटॉपात तर सगळीच पोर्टं इंटेलला असतात, एनव्हिडियाला बाहेर जायला दारच नसतं. (असल्या लॅपटॉपवर NVIDIA Control Panel उघडलं की Display हा भागच दिसत नाही, फक्त 3D Settings. प्रत्येक पोर्टावर मॉनिटर लावूनही तसंच असेल तर केबल बदलून काहीच होणार नाही, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.)

आता मी खाल्लेली पायरी. गेम सुरू होताना विंडोजला विचारतो की ग्राफिक्स कार्डं कुठली आहेत, विंडोज एक यादी देतं आणि त्या यादीत शून्य नंबरला तेच कार्ड असतं ज्याच्या पोर्टावर तुमचा मेन डिस्प्ले चालू आहे. हा डायरेक्टएक्सचा लेखी नियम आहे. भरपूर गेम, विशेषतः जुने आणि छोट्या टीमचे, फार चौकशी न करता शून्य नंबर उचलतात आणि कामाला लागतात. म्हणजे पोर्टावरून ठरतं मेन डिस्प्ले कुणाचा, मेन डिस्प्लेवरून ठरतं शून्य नंबर कोण, आणि शून्य नंबरवरून ठरतं गेमचं चित्र कोण काढणार.

तुमच्याकडे काय झालं असावं ते इथेच सापडतं. एचडीएमआय लावलं पण लॅपटॉपचा स्क्रीन उघडा आणि मेन म्हणून तसाच राहिला, बाहेरचा मॉनिटर फक्त एक्स्टेंड झाला, मग शून्य नंबर इंटेलच राहणार. गेमची खिडकी ओढून मोठ्या मॉनिटरवर नेली तरी काढणारं कार्ड बदलत नाही, ते सुरुवातीलाच ठरून गेलेलं असतं. उलट असं होतं की इंटेल फ्रेम काढतं आणि ती एनव्हिडियाकडे कॉपी होते, कारण मॉनिटर त्याच्या पोर्टावर आहे. एनव्हिडिया जागं, पंखा चालू, टास्क मॅनेजरमध्ये त्यावर थोडं काम पण दिसतं आणि माणूस म्हणतो चाललाय की गेम एनव्हिडियावर. तुम्ही त्यात फसला नाहीत, गेमच्याच ओळीत GPU 0 बघितलंत, हे बरं केलंत.

आता Win+P दाबून Second screen only करा, किंवा डिस्प्ले सेटिंगमध्ये बाहेरच्या मॉनिटरला Make this my main display ची खूण करा, गेम पूर्ण बंद करून परत सुरू करा, आणि मग टास्क मॅनेजरच्या Details मध्ये GPU engine कॉलम बघा (दिसत नसेल तर कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून आणता येतो). `GPU 1 - 3D` आलं की समजायचं. नंबरावर डोळे झाकून विश्वास नको, कुठला नंबर कुणाचा ते Performance टॅबमध्ये लिहिलेलं असतं, आणि हा टास्क मॅनेजरचा नंबर वेगळा, वरचा यादीतला नंबर वेगळा.

सेटिंगबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, फक्त ते कुठे बसतं ते बघा. विंडोजच्या Graphics पानावर त्या गेमला High performance दिलं की ती यादीच उलटी होते आणि एनव्हिडिया वर येतं, मग मॉनिटर कुठेही असो. मोठ्या गेमांसाठी ड्रायव्हरमध्ये आधीच प्रोफाइल असतं, काही गेमच्या फाइलीतच `NvOptimusEnablement` अशी चिठ्ठी ठेवलेली असते. कुणीच काही सांगितलं नसेल तेव्हा पोर्टाचा शब्द चालतो.

मग सेटिंग करून मोकळं व्हावं, केबलच्या नादी कशाला लागायचं? कारण एनव्हिडियाने काढलेली फ्रेम इंटेलच्या पोर्टातून बाहेर जायची असेल तर ती आधी कॉपी होऊन लॅपटॉपच्या रॅममध्ये येते आणि तिथून इंटेल ती वाचून मॉनिटरला देतं. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर हेच चाललं होतं, 2560×1440 चा 144 हर्ट्झचा मॉनिटर टाइप-सी वर. एका पिक्सेलला 4 बाइट धरले तर एक फ्रेम साधारण 14.7 एमबी, सेकंदाला 144 म्हणजे 2.1 जीबी. दोघांमधला रस्ता होता पीसीआयई 3.0 चा 8 लेनचा, एका दिशेने जास्तीत जास्त 7.9 जीबीच्या आसपास, म्हणजे पावपेक्षा जास्त रस्ता नुसत्या तयार फ्रेमा वाहण्यात जातो. एक फ्रेम पोचायला उत्तम परिस्थितीतही जवळजवळ 2 मिलिसेकंद, आणि 144 ला एका फ्रेमच्या वाट्याला येतात जेमतेम 7. वर त्याच्याकडे रॅमची एकच काडी, त्यात त्या फ्रेमा लिहायच्याही आणि वाचायच्याही, आणि प्रोसेसरला पण तीच रॅम हवी. एफपीएसचा आकडा फार वाईट नव्हता, पण मधेमधे अडखळायचं आणि पोरगं इंटरनेटला शिव्या घालत होतं. एचडीएमआयला लावल्यावर एनव्हिडिया स्वतःच फ्रेम मॉनिटरला द्यायला लागलं आणि ते अडखळणं गेलं. तिथे GPU engine आधीही एनव्हिडियाच दाखवत होतं, बदलला तो फक्त बाहेर जायचा रस्ता.

एचडीएमआयवर गेल्यावर Hz परत तपासा, हे मी आधी लिहायला हवं होतं. पोर्ट किंवा मॉनिटरचं सॉकेट जुनं 1.4 असेल तर 1440 ला 144 मिळत नाही, गुपचूप 60 वर येऊन बसतं, आणि मग तुम्ही मला अजून एक प्रतिक्रिया लिहाल. शिवाय मॉनिटर एनव्हिडियावर असला की ते कार्ड झोपू शकत नाही, नुसतं एक्सेल उघडलं तरी गरम, त्यामुळे ऑफिसच्या कामाला मी स्वतः टाइप-सी च वापरतो.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठलं पोर्ट कुणाचं ते बघायला Settings > System > Display > Advanced display उघडा, वर बाहेरचा मॉनिटर निवडा, खाली Connected to च्या पुढे कार्डाचं नाव येतं. एकदा एचडीएमआयला लावून आणि एकदा टाइप-सी ला लावून, दोन्ही वेळा तिथे काय दिसतं ते इथे टाका. दोन्हीकडे इंटेलच निघालं तर केबल परत जागेवर लावा, Graphics पानावर High performance द्या, आणि मी पोस्टच्या वर तशी दुरुस्ती टाकतो.