आरए बिल म्हणजे उत्पन्न नव्हे

"छोट्या कॉन्ट्रॅक्टरला काम किती टक्के झालं त्यावर उत्पन्न धरायची भानगड कशाला? टप्प्याटप्प्याने जेवढी आरए म्हणजे रनिंग बिलं काढली तेवढं उत्पन्न, जेवढा पैसा गेला तेवढा खर्च. अ‍ॅडव्हान्स आला की विक्रीत धरा, बिलातून कापून ठेवलेलं रिटेन्शन हातात पडेल तेव्हा दाखवा. काम संपल्यावर बेरीज तीच येते."

असा दावा केला जातो. त्यातलं आधी बिलाचं पाहू, कारण खरा घोटाळा तिथे होतो. समजा, एका शाळेच्या दुमजली इमारतीचं कंत्राट जीएसटी सोडून १ कोटीचं आहे आणि खर्चाचा अंदाज ८० लाखांचा. ३१ मार्चपर्यंत ६२ लाखांची रनिंग बिलं मंजूर झाली आणि खर्च ४६ लाख झाला. दाव्याप्रमाणे नफा १६ लाख.

पण त्या ४६ लाखांत ६ लाखांच्या टाइल्स आणि प्लंबिंगचं सामान साइटवरच्या गोदामात पडून आहे. ते कामात लागलेलं नाही, म्हणून टक्केवारी काढताना ते धरायचं नाही. तो साठा आहे. प्रत्यक्ष कामाचा खर्च ४० लाख, भागिले ८० लाख, म्हणजे काम ५० टक्के झालं. उत्पन्न ५० लाख, नफा १० लाख.

बिलं ६२ लाखांपर्यंत गेली कशी? आपल्याकडे प्लिंथ आणि स्लॅबच्या टप्प्यांना दर चढे लावून घेतात, म्हणजे सुरुवातीला पैसा खेळता राहतो. त्यात गैर काही नाही. पण वरचे १२ लाख कमावलेले नाहीत. ते मालकाचे पैसे आहेत आणि त्यांच्या बदल्यात काम करून द्यायचं बाकी आहे.

नोंद अवघड नाही. बिल काढताना ग्राहकाच्या नावे ७३.१६ लाख टाका. जमेला 'प्रोग्रेस बिलिंग' ६२ लाख आणि १८ टक्के जीएसटीचे ११.१६ लाख. हे बिलिंग खातं नफा-तोट्यात जात नाही. वर्षअखेरीस 'चालू कंत्राटाचं काम' नावे ५० लाख, 'कंत्राट उत्पन्न' जमा ५० लाख. ताळेबंदात 'प्रोग्रेस बिलिंग' आणि 'चालू कंत्राटाचं काम' ही दोन्ही खाती समोरासमोर ठेवली की १२ लाख देणं म्हणून उरतं. काम बिलांच्या पुढे असेल, मोजमाप व्हायचं राहिलं असेल, तर हाच फरक येणं म्हणून दिसतो.

अ‍ॅडव्हान्सचं उत्तर छोटं आहे. काम सुरू करण्यासाठी मिळणारा मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स पुढच्या बिलांतून वळता होतो, म्हणून तो देणंच. गोंधळ जीएसटीमुळे होतो: कंत्राटी काम ही सेवा असल्याने कर अ‍ॅडव्हान्स मिळतानाच लागतो. म्हणून जीएसटी विवरणपत्रातला आकडा आणि पुस्तकातलं उत्पन्न जुळलंच पाहिजे असं नाही. फरकाचा तक्ता जपून ठेवा.

रिटेन्शनबद्दलचा सल्ला एकेकाळी चुकीचा नव्हता. हक्क अटी पूर्ण झाल्यावरच येतो, असं न्यायालयांनी म्हटलं होतं. पण २०१८ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३सीबी आलं आणि रिटेन्शन कंत्राटाच्या उत्पन्नातच धरायचं ठरलं. आपल्या उदाहरणात ५ टक्क्यांनी ३.१० लाख अडकले आहेत. ते वेगळ्या येणे-खात्यात ठेवा, आणि दोष-दायित्वाचा काळ संपून मिळाले की ते खातं मिटवा. पुन्हा उत्पन्नात घेतले तर एकाच रकमेवर दोनदा कर भराल.

बेरीज शेवटी तीच येते, हे खरं. दोन्ही रीतींनी एकूण नफा २० लाख. पण दाव्याच्या रीतीने पहिल्या वर्षी १६ आणि दुसऱ्या वर्षी ४. सहा लाखांवरचा कर वर्षभर आधी गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे १६ लाख सुटले असं समजून कॉन्ट्रॅक्टरने पैसे उचलले. मग फिनिशिंगला गवंडी आणि टाइल्सवाला पैसे मागतात, तेव्हा नव्या साइटचा अ‍ॅडव्हान्स जुन्या साइटवर जातो.

टक्केवारीच्या रीतीची कमजोर बाजू म्हणजे खर्चाचा अंदाज. तो दर तिमाहीला नव्याने मांडावा लागतो. स्टील महागून अंदाज ९० लाखांवर गेला, तर तेच ४० लाख ४४.४४ टक्के होतात आणि नफा ४.४४ लाखांवर येतो. अंदाज १.१० कोटी झाला, तर लेखा मानक ७ प्रमाणे १० लाखांचा पूर्ण तोटा आत्ताच दाखवायचा; आयकरासाठी मात्र तो कामाच्या प्रमाणातच मिळतो.

अनुमानित उत्पन्नावर कर भरणाऱ्या, ऑडिट नसलेल्या एकट्या कॉन्ट्रॅक्टरला आयकराची ही गणना लागू होत नाही. तरीही दर महिन्याला एक तपासणी त्याने करावीच: बिलं कामाच्या किती पुढे आहेत ते काढा, त्यातून मालकाकडे थकलेली बिलं आणि रिटेन्शन वजा करा. जे उरेल तेवढी रक्कम त्या साइटच्या नावाने बँकेत किंवा गोदामातल्या मालात सापडली पाहिजे. सापडत नसेल, तर ती दुसऱ्या साइटवर किंवा घरी गेली आहे.